थांब्याच्या फलकावर मार्गाची दोन्ही टोके नकोत, पुढचे टोक हवे

प्रति,
शहर बससेवेचे थांबे आणि मार्गफलक यांचे काम पाहणारे अधिकारी,
पुणे.

विषय : रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या एकसारख्या थांब्यांवर गाडी जाण्याची दिशा लिहिण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी सिंहगड रस्त्यावर आनंदनगरला राहते आणि गेली अनेक वर्षे रोज शहर बसनेच प्रवास करते. मला स्वतःला माझा थांबा शोधावा लागत नाही, कारण तो पायांना पाठ आहे. हे पत्र लिहायला मी बसले ते माझ्या मावशीमुळे.

मावशी अडुसष्ट वर्षांची आहे आणि वाईला असते. गेल्या महिन्यात ती एस.टी.ने स्वारगेटला उतरली आणि तिथून शहर बसने आनंदनगरला आली. दोन दिवसांनी परत निघताना तिची वाईची गाडी सव्वाचारची होती. स्वारगेटला जायला अर्धा तास पुरतो, तरी हाताशी वेळ असावा म्हणून ती तीन वाजताच घरातून निघाली. मी कामावर होते, म्हणून तिला आदल्या रात्रीच सांगून ठेवले होते की ५० नंबरची गाडी मिळाली तर उत्तम, ती स्वारगेटलाच जाते. मावशी थांब्यावर गेली. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला तिने विचारले, "इथे स्वारगेटची ५० नंबरची गाडी येते ना?" तो म्हणाला, "हो, येते." थोड्या वेळाने गाडी आली, पाटीवर ५० हा आकडा स्पष्ट होता, आणि मावशी चढली. गर्दी होती. वाहक तिच्यापर्यंत पोहोचला तेव्हा वडगाव मागे पडले होते. तिने स्वारगेटचे तिकीट मागितले तेव्हा तो म्हणाला, "आजी, ही गाडी सिंहगडाला चालली आहे. पुढे धायरी फाट्याला उतरा आणि पलीकडून बसा." पलीकडे म्हणजे नेमके कुठे, हे शोधायला तिला पुन्हा तोच रस्ता ओलांडावा लागला. स्वारगेटला ती पाच वाजता पोहोचली. तिची एस.टी. निघून गेली होती.

त्या दिवशी कोणीही चुकीचे सांगितले नव्हते, हे मला आपल्या नजरेस आणून द्यायचे आहे. मी सांगितलेला क्रमांक बरोबर होता. त्या मुलाचे उत्तरही खरे होते. ५० क्रमांकाची गाडी स्वारगेट ते सिंहगड पायथा जाते आणि त्याच क्रमांकाने परत येते, त्यामुळे ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना येते. क्रमांक मार्गाचा असतो, दिशेचा नसतो, ही साधी गोष्ट रोजच्या प्रवाशाला इतकी अंगवळणी पडलेली असते की ती सांगायची राहून जाते, आणि नव्या माणसाला ती कोणी सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नसतो. शिवाय आपल्या बोलीतला "स्वारगेटची गाडी" हा शब्दप्रयोगच दुहेरी आहे. स्वारगेटला जाणारी गाडी ही स्वारगेटची, आणि स्वारगेटहून आलेली गाडीही स्वारगेटचीच. मावशीने एका अर्थाने विचारले, मुलाने दुसऱ्या अर्थाने उत्तर दिले. "ही गाडी स्वारगेटला जाते का?" असे विचारले असते तर हा घोटाळा झाला नसता. आता मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न शब्दशः शिकवते.

मावशी चुकीच्या बाजूला का उभी राहिली, हेही मी तिला विचारले. ती म्हणाली, "अगं, येताना जिथे उतरले तिथेच गेले." अनोळखी गावात माणूस ज्या खुणेवर उतरतो तीच खूण परतीला शोधतो, आणि शहर बसच्या बाबतीत नेमकी तीच खूण त्याला उलट दिशेला नेते. जिथे उतरलो तिथून गाडी पुढे जाते, मागे येत नाही. परतीची गाडी रस्त्याच्या पलीकडे लागते. हे घरात बसून सांगताना सोपे वाटते. पण प्रत्यक्षात त्या रस्त्यावर उभे राहिले की मधल्या उड्डाणपुलाच्या खांबांमुळे पलीकडचा थांबा धड दिसतही नाही. तो अगदी समोर नसून काही अंतर पुढे-मागे असतो, आणि दिसला तरी निवारा तसाच, रंग तसाच, वरचे नाव तेच : आनंदनगर.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी रहदारी कमी असताना मी मुद्दाम दोन्ही थांब्यांवर गेले आणि तिथले फलक नीट वाचले. दोन्हीकडे गाड्यांच्या क्रमांकांचा जो तक्ता आहे तो अक्षरशः एकच आहे. प्रत्येक ओळीत आधी क्रमांक आणि पुढे मार्गाची दोन टोके, "स्वारगेट ते सिंहगड पायथा" अशी. अलीकडच्या थांब्यावर हेच, पलीकडच्या थांब्यावरही हेच. एकदा छापलेला कागद दोनदा चिकटवला आहे, हे डाव्या कोपऱ्यातल्या छपाईच्या सारख्याच डागावरूनही कळत होते. त्या तक्त्यात एकही शब्द खोटा नाही, पण प्रवाशाला तिथे उभे राहून जे ठरवायचे असते ते ठरवायला त्यातला एकही शब्द उपयोगी पडत नाही. इथून गाडी स्वारगेटला जाईल की सिंहगडाला, हे त्याला हवे असते. "अमुक ते तमुक" ही ओळ मार्गाचे वर्णन करते. ती आगारातल्या नोंदवहीत शोभते. थांब्यावरच्या माणसाला मार्गाचे मागचे टोक काही कामाचे नाही.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी इतकीच आहे की थांब्याच्या तक्त्यावर मार्गाची दोन्ही टोके छापू नयेत, त्या थांब्यावरून गाडी जिकडे जाते ते एकच टोक छापावे. नदीच्या बाजूच्या थांब्यावर "५० – स्वारगेट", आणि टेकडीच्या बाजूच्या थांब्यावर "५० – सिंहगड पायथा". यासाठी नवा निवारा, नवे यंत्र किंवा नवी जागा काहीच लागत नाही. तक्ता छापताना एकाच्या जागी दोन प्रती वेगळ्या काढाव्या लागतात आणि चिकटवणाऱ्या माणसाला कोणती प्रत कोणत्या बाजूला हे सांगावे लागते.

नदी आणि टेकडी हे शब्द मी सहज वापरले, पण आमच्या रस्त्यावर जुनी माणसे दिशा याच खुणेने सांगतात आणि ती खूण पक्की आहे. दांडेकर पुलाकडून धायरीकडे जाताना मुठा नदी उजव्या हाताला राहते आणि पर्वती, तळजईच्या टेकड्या व कालवा डाव्या हाताला. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे धायरी, खडकवासला, सिंहगडाकडे जाणाऱ्या गाड्यांचे थांबे टेकडीच्या अंगाला येतात आणि स्वारगेटकडे येणाऱ्या गाड्यांचे थांबे नदीच्या अंगाला. दर वेळी नदी डोळ्यांना दिसत नाही हे खरे, पण रस्त्यावरच्या कोणत्याही दुकानदाराला "नदी कोणत्या बाजूला?" असे विचारले तर तो विचार न करता हात दाखवतो.

ज्याला नदी-टेकडी ठाऊक नाही त्याच्यासाठी एक हाताची खूण आहे. निवाऱ्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केले की जवळून जाणारी गाडी उजव्या हाताकडून येते आणि डाव्या हाताकडे जाते. म्हणजे आपल्याला जायचे ठिकाण डाव्या हाताला असेल तर थांबा बरोबर, उजव्या हाताला असेल तर रस्ता ओलांडायचा. मावशीला मी फोनवर ही खूण सांगितली तेव्हा तिने वाईतल्या घराच्या ओट्यावर उभे राहून ती करून पाहिली आणि म्हणाली, "त्या दिवशी स्वारगेट माझ्या उजवीकडे होतं."

परंतु या खुणेच्या भरवशावर फलकाचे काम सोडून देता येणार नाही, कारण पुण्यात ती सगळीकडे लागू पडत नाही. स्वारगेट ते कात्रज या सातारा रस्त्यावर बीआरटीची स्थानके रस्त्याच्या मध्यभागी आहेत. तिथे गाडी प्रवाशासमोर उजव्या दाराने लागते आणि प्रवासी रस्त्याच्या मधून बाहेरच्या बाजूला तोंड करून उभा असतो, त्यामुळे हाताची खूण बरोबर उलटी होते : गाडी डाव्या हाताकडून येते आणि उजव्या हाताकडे जाते. आमच्या रस्त्यावर शिकलेला माणूस तिथे गेला की नेमका फसतो. मध्यवर्ती पेठांत आणखी वेगळी अडचण आहे. शिवाजी रस्त्यावरची वाहतूक शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे जाते आणि बाजीराव रस्त्यावरची स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे. तसेच जंगली महाराज रस्ता डेक्कनकडे जाण्याचा आणि फर्ग्युसन रस्ता डेक्कनहून निघण्याचा. अशा ठिकाणी परतीचा थांबा समोर नसतोच, तो पलीकडच्या दुसऱ्याच रस्त्यावर असतो, आणि शिवाजी रस्त्यावर "पलीकडून बसा" असे सांगितलेला माणूस रस्ता ओलांडून उगाच उभा राहतो. एकेरी रस्त्यावरच्या थांब्याच्या फलकावर "परतीची गाडी बाजीराव रस्त्यावर" एवढी एक ओळ असती तर किती पायपीट वाचेल, हे मी वेगळे सांगायला नको.

फलकावर बाण काढून हा प्रश्न सुटेल असे काहींना वाटते. आमच्याच थांब्यावर निवाऱ्याच्या मागच्या पत्र्यावर कोणीतरी काळ्या मार्करने "स्वारगेट" असे लिहून पुढे बाण काढला आहे. तो लिहिणाऱ्याच्या मनातली कळकळ मला समजते, आणि तो बाण बरोबरही आहे. पण आपण तो नमुना म्हणून घेऊ नये. मागच्या पत्र्यावरचा बाण वाचताना आपली पाठ रस्त्याकडे असते, म्हणून गाडी जाण्याची दिशा दाखवायला तो उजवीकडेच वळलेला असावा लागतो. पलीकडच्या थांब्यावरही वाचणाऱ्याची पाठ रस्त्याकडेच असते, त्यामुळे तिथलाही बाण उजवीकडेच. दोन विरुद्ध दिशांच्या थांब्यांवर एकच बाण येतो! बाणाने फरक कळत नाही, फरक कळतो तो गावाच्या, चौकाच्या नावाने. पैसे आणि जागा दोन्ही मोजकी असतील तर ती नावावर खर्च व्हावीत.

आता कोणते नाव लिहायचे, हा प्रश्न आपल्या विभागापुढे नक्की येईल, कारण एका थांब्यावरून अनेक मार्गांच्या गाड्या जातात आणि त्या सगळ्या एकाच ठिकाणी संपत नाहीत. आमच्याकडून शहराकडे निघालेली एखादी गाडी राजाराम पुलावरून नदी ओलांडून कर्वेनगरकडे वळते, दुसरी दांडेकर पुलापर्यंत सरळ जाऊन मग स्वारगेटला किंवा इतरत्र जाते. निवाऱ्याच्या कपाळावर नुसते "स्वारगेटकडे" लिहिले तर कर्वेनगरला जाणारा माणूस पलीकडे जाऊन उभा राहील. यासाठी मला एक उपाय सुचतो : कपाळावर थांब्याच्या नावाखाली पुढच्या थांब्याचे नाव लिहावे. नदीच्या बाजूला "आनंदनगर – पुढचा थांबा हिंगणे", टेकडीच्या बाजूला "आनंदनगर – पुढचा थांबा माणिकबाग". गाडी पुढे कुठेही वळो, पुढचा थांबा सर्व गाड्यांना सामाईक असतो, मार्ग बदलले किंवा नवे क्रमांक आले तरी ही ओळ खोटी ठरत नाही, आणि जवळपास राहणाऱ्याला, रिक्षावाल्याला, दुकानदाराला ती नावे माहीत असतातच. जिथे एकाच निवाऱ्यातून गाड्या लगेच दोन फाट्यांना लागतात, अशा मोजक्या जागी दोन्ही नावे लिहावीत. कपाळावर पुढचा थांबा आणि तक्त्यात प्रत्येक क्रमांकापुढे पुढचे टोक, या दोन्ही मिळून प्रवाशाचे काम भागते.

ही कपाळावरची ओळ पलीकडच्या बाजूवरून वाचता आली पाहिजे, अशी माझी विशेष विनंती आहे. चूक लक्षात येते ती बहुधा चुकीच्या बाजूला उभे असताना, आणि एकदा रस्ता ओलांडून पाहू, नसला तर परत येऊ, हा प्रयोग सिंहगड रस्त्यावर म्हाताऱ्या माणसाने करण्यासारखा नाही. अक्षरांच्या उंचीबाबत रस्त्यांच्या फलकांसाठी वापरला जाणारा एक ढोबळ संकेत असा आहे की नऊ मीटर अंतराला अडीच सेंटीमीटर उंचीचे अक्षर हवे. तीस मीटर रुंद रस्त्याच्या पलीकडून वाचायचे तर हे गणित सव्वाआठ सेंटीमीटरवर येते. देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर जातात व उकार खाली उतरतात, म्हणून मूळ अक्षरच दहा सेंटीमीटरचे धरावे, असे मला वाटते. आज थांब्याचे नाव साधारण या मापाचे आहे. त्याखालच्या ओळी मात्र बोटाच्या पेराएवढ्या आहेत. जाहिरातीची चौकट थोडी खाली सरकवली तर जागा होते, हे मी उभी राहून पाहिले आहे.

मोबाइलवर सगळे कळते, मग फलक कशाला, असेही उत्तर मिळू शकते, म्हणून त्याविषयी दोन शब्द. मावशीकडे साधा फोन आहे, हे बाजूला ठेवू. माझ्या फोनवरच्या नकाशात आनंदनगर नावाच्या दोन खुणा रस्त्याच्या दोन काठांवर दिसतात आणि दोन्हींचे नाव अगदी सारखे असते. त्यात आनंदनगर पौड रस्त्यालाही आहे, तिथल्या मेट्रो स्थानकाचे नावही तेच, त्यामुळे नुसते नाव टाकून शोधणारा माणूस कधीकधी मुळात चुकीच्या रस्त्यावरच पोहोचतो. आपण कुठे उभे आहोत हे दाखवणारा निळा ठिपका मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो, पण उड्डाणपुलाखाली उपग्रहांचे संकेत अडतात आणि परावर्तित होतात, आणि तोच ठिपका रस्त्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर उडी मारतो. मी स्वतः खुणेवर विसंबत नाही. क्रमांक उघडून पुढच्या थांब्यांची यादी वाचते आणि तिच्यात पहिले नाव हिंगणे आहे की माणिकबाग, ते पाहते. म्हणजे फोनमध्येही शेवटी उपयोगी पडते ते पुढच्या थांब्याचेच नाव. आपल्या नोंदींमध्ये दोन्ही थांब्यांना वेगळे क्रमांक असणारच, कारण त्याशिवाय गाडी कुठे पोहोचली हे यंत्रणेला कळणार नाही. मग दाखवायच्या नावातही "आनंदनगर, सिंहगड रस्ता, हिंगण्याकडे" असा फरक करता येईल, आणि फलकावर व पडद्यावर एकच शब्द दिसला तर प्रवाशाची खात्री पटेल.

वाहकांबद्दलही एक गोष्ट लिहिते. मावशीची चूक लक्षात आली ती तिकीट मागितल्यामुळे. ज्यांच्याकडे दिवसाचा किंवा महिन्याचा पास असतो त्यांना कुठे जायचे असे कोणी विचारतच नाही. त्यांना चूक कळते ती खिडकीबाहेर अनोळखी दुकाने दिसू लागल्यावर. गर्दीच्या वेळी वाहकाने प्रत्येक थांब्यावर दारातून गाडीचे शेवटचे ठिकाण पुकारण्याची जुनी पद्धत होती. काही वाहक आजही "सिंहगड, सिंहगड, खडकवासला" असे ओरडतात, आणि मी पाहिले आहे की त्या हाकेने दर खेपेला एखादा तरी माणूस पायरीवरून मागे होतो. पुढच्या बाजूच्या दिव्यांच्या पाटीवर क्रमांक आणि ठिकाण आळीपाळीने येतात, आणि दुपारच्या उन्हात त्यातला आकडा तेवढा वाचता येतो, ठिकाण पुसट होते. त्या वेळी हाकेइतके खात्रीचे दुसरे काही नसते. फलक बदलायला वेळ लागणार असेल तर तोवर निदान समोरासमोरच्या थांब्यांवर तरी ही हाक नेमाने द्यावी, अशी सूचना वाहकांना करता येईल.

हे सगळे एकदम साऱ्या शहरात करावे, अशी माझी अपेक्षा नाही. दांडेकर पूल ते धायरी फाटा हा एकच पट्टा प्रयोगासाठी घ्यावा. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक थांब्याचा पुढचा थांबा कोणता, याची यादी करून ती लावण्याआधी त्या थांब्यावर बसणाऱ्या लोकांकडून तपासून घ्यावी, कारण कागदावरचे नाव आणि लोकांच्या तोंडचे नाव यांत पुष्कळदा फरक असतो. जयदेवनगर, हिंगणे, माणिकबाग, वडगाव इथल्या थांब्यांची तपासणी करायला मी आणि माझ्या ओळखीचे काही रोजचे प्रवासी कोणत्याही रविवारी सकाळी यायला तयार आहोत. यादी हातात मिळाली की दोन तासांत दोन्ही बाजू चालून होतील.

मावशी दिवाळीनंतर पुन्हा येणार आहे. त्या आधी नुसता आमच्या दोन थांब्यांवरचा तक्ता बदलला, तरी तिला मी फोनवर एवढेच सांगेन की पाटीवर "पुढचा थांबा हिंगणे" दिसेल तिथे उभी राहा.

आपली नम्र,
आनंदनगर, सिंहगड रस्ता येथील एक रोजची प्रवासी